व्याज आधी ठरलं, कमाई नंतर शोधली: सेल्सियसच्या ‘अर्न’ खात्याची गोष्ट

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. २०२१ मध्ये सेल्सियस या क्रिप्टो कंपनीच्या व्याज देणाऱ्या अर्न खात्यात थोडं इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, ठेवलं होतं, ते पुढच्या वर्षी अडकलं. आता एक मित्र दुसऱ्या अ‍ॅपच्या अर्नमध्ये ९ टक्के मिळतात म्हणून मागे लागलाय. एवढं व्याज मुळात यायचं कुठून? आणि सगळं सुरळीत आहे असं सांगता सांगता एका रात्रीत पैसे काढणं बंद का केलं?

उत्तर:

माझी बहुतेक नोकरी मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत झाली आणि शेवटची चार वर्षं सिंगापूरला, क्रिप्टो कर्जाऊ देणाऱ्या एका कंपनीच्या जोखीम विभागात. सेल्सियसमध्ये मी कधीच नव्हतो, पण आमचा धंदा तोच होता. शिवाय दिवाळखोरीच्या खटल्यात कोर्टाने नेमलेल्या परीक्षकाचा अहवाल सार्वजनिक आहे, त्यामुळे आतलं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

अर्न या शब्दाने गोंधळ होतो, म्हणून आधी तो बाजूला ठेवू. तुम्ही तिथे ठेव ठेवली नव्हती, तर कंपनीला विनातारण कर्ज दिलं होतं, तेही केव्हाही परत मागता येईल अशा बोलीवर. ते इथर घेऊन कंपनीला कुठेतरी तुम्हाला देण्याच्या दरापेक्षा जास्त कमवावं लागायचं. मग प्रश्न असा होतो की जगात कोणाला बिटकॉइन किंवा इथर उसनं हवं असतं, आणि त्यासाठी तो ६-८ टक्के का मोजेल?

२०२० मध्ये या प्रश्नाला खरंखुरं उत्तर होतं. ग्रेस्केल नावाच्या कंपनीचा बिटकॉइन ट्रस्ट होता. त्याचे शेअर अमेरिकेत साध्या ब्रोकरकडे मिळायचे, आणि थेट बिटकॉइन घेणं ज्यांना झेपत नव्हतं ते लोक शेअरमागच्या बिटकॉइनपेक्षा जास्त पैसे मोजून ते घ्यायचे. हा वरताळा कधी कधी ३० टक्क्यांच्या आसपास जायचा. मग ट्रेडिंग फर्म काय करायची? सेल्सियससारख्या कंपनीकडून बिटकॉइन उसनं घ्यायची, ट्रस्टमध्ये भरायची, बदल्यात मिळालेले शेअर सहा महिन्यांची बंदी संपली की बाजारात चढ्या भावाने विकायची, स्वस्तात बिटकॉइन घेऊन कर्ज फेडायची. एवढा नफा दिसत असताना ८ टक्के व्याज त्यांना जड नव्हतं. दुसरा गिऱ्हाईक वायद्यांचा. २०२१ च्या सुरुवातीला तेजी एवढी होती की बिटकॉइनचा वायदा हजर भावापेक्षा खूप वर चालायचा. आज हजर माल घ्यायचा, पुढच्या महिन्याचा वायदा विकायचा, मधला फरक खिशात. वर्षाच्या हिशेबाने हा फरक २० टक्क्यांच्याही वर गेलेला मी पाहिला आहे. त्यासाठी डॉलर लागायचे, म्हणून डॉलर-स्टेबलकॉइनचं, म्हणजे भाव एका डॉलरला बांधलेल्या नाण्यांचं, व्याज चढं असायचं.

म्हणजे व्याज हवेतून येत नव्हतं. तेजीच्या बाजारात घाईत असलेला खरेदीदार जास्तीचे पैसे मोजत होता आणि त्यातला वाटा तुमच्यापर्यंत पोचत होता. अडचण अशी की असा फरक फार लोकांना कळला की तो मिटतो. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस ग्रेस्केलचा वरताळा संपला आणि शेअर उलट मागच्या बिटकॉइनपेक्षा स्वस्त मिळू लागले. वायद्यांतला फरकही मेनंतर आटला. उसनं घेणारे कमी झाले, देणारे मात्र रांगेत उभे. कुठल्याही पतपेढीत अशा वेळी ठेवींचा दर खाली आणतात.

सेल्सियसने तो पुरेसा खाली आणला नाही, आणि सगळी गोष्ट मला वाटतं इथेच फिरते. कंपनी सांगायची की कमाईतला ८० टक्क्यांपर्यंत वाटा आम्ही ग्राहकांना देतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आधी कमाई होते, मग वाटप. परीक्षक शोबा पिल्लै यांना कागदपत्रांत उलट क्रम दिसला: दर ठरायचा तो स्पर्धक काय देताहेत ते बघून, आणि त्या आठवड्यात प्रत्यक्ष कमाई किती झाली याचा त्याच्याशी फारसा संबंध नसायचा. जाहिरातीत वरचा आकडा १७ टक्क्यांपर्यंत होता. बिटकॉइन-इथरवर तो बराच कमी, एक आकडी असायचा. अहवालाच्या हिशेबाप्रमाणे २०१८ पासून जून २०२२ पर्यंत ग्राहकांच्या पैशांवर जेवढी निव्वळ कमाई झाली, त्यापेक्षा १.३६ अब्ज डॉलर जास्त कंपनीने ग्राहकांना देऊ केले.

ही तूट भरायची कुठून? थोडी गुंतवणूकदारांच्या भांडवलातून, आणि मोठा भाग नव्या ठेवीदारांच्या नाण्यांतून. कंपनीचं टोकन, म्हणजे तिने स्वतः काढलेलं नाणंही होतं, सेल नावाचं. व्याज त्या टोकनमध्ये घेतलं तर दर जास्त मिळायचा. वरवर पाहता ही सवलत, पण त्यामुळे टोकनचा भाव टिकवणं ही कंपनीची गरज होऊन बसली. बाजारातून सेल विकत घेण्यावर तिने किमान ५५.८ कोटी डॉलर खर्च केले असं अहवाल म्हणतो, आणि त्यात ग्राहकांची नाणी वापरली गेली. त्याच काळात कंपनीचे प्रमुख अ‍ॅलेक्स मशिन्स्की स्वतःकडचं सेल विकत होते.

यातला धोका बाहेरच्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबतो. कंपनीचं देणं नाण्यांत असतं. तुम्ही १० इथर दिले तर १० इथरच परत द्यायचे, भाव काहीही असो. त्यातले दोन इथर प्रत्येकी ६०० डॉलरला विकून कंपनीने सेल घेतलं आणि इथर ३,००० ला गेलं, तर ती दोन नाणी परत आणायला १,२०० च्या जागी ६,००० डॉलर लागतात. तेजी ग्राहकाला आनंदाची, आणि नाणी विकून बसलेल्या कंपनीला मात्र रोज खड्डा खोल करणारी. २०२१ मध्ये सगळे श्रीमंत होत असताना सेल्सियसच्या आत नेमका असा खड्डा पडत होता. (हे आकडे माझे, समजण्यापुरते.)

खड्डा पडला की माणूस जास्त परताव्यामागे धावतो. आमच्याकडेही तसं झालं. एका ट्रेडिंग फर्मने मोठं कर्ज मागितलं आणि तारणाऐवजी एका पानाचं पत्र दिलं: आमची निव्वळ मत्ता एवढी आहे. त्यावर ना ताळेबंद, ना ऑडिटरची सही. मी नकार लिहून दिला. वरून उत्तर आलं की तारण मागितलं तर ते शेजारच्या कंपनीकडे जातील. कर्ज दिलं गेलं. सेल्सियसच्याही संस्थांना दिलेल्या कर्जांत अपुऱ्या तारणाची किंवा तारणच नसलेली कर्जं होती. तारण घेतलं की व्याज कमी येतं, आणि तेवढ्यावर त्यांनी कबूल केलेला दर भागत नव्हता.

आता तुमच्या इथरकडे येतो, कारण पैसे काढणं बंद होण्याचं यंत्र तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

इथेरियमचं जाळं डिसेंबर २०२० पासून नव्या पद्धतीकडे निघालं होतं. त्यात इथर गुंतवून ठेवलं, म्हणजे स्टेक केलं, की चारेक टक्के मिळायचे. पण एकदा गुंतवलेलं इथर बाहेर काढायची सोयच तेव्हा तयार झालेली नव्हती. ती आली एप्रिल २०२३ मध्ये. यावर तोडगा म्हणून लायडो नावाची सेवा स्टेक केलेल्या इथरच्या बदल्यात एक पावती द्यायची, तिचं नाव एसटी-इथ. ही पावती बाजारात विकता यायची आणि शांत दिवसांत ती जवळपास एका इथरच्याच भावाला जायची. सेल्सियसने काही इथर थेट स्टेक केलं आणि खूपसं अशा पावत्यांत घातलं. दिवाळखोरीच्या वेळी तिच्याकडे अशा सुमारे ४ लाख १० हजार पावत्या होत्या. स्टेकहाउंड नावाच्या आणखी एका सेवेकडे दिलेली ३५ हजार इथर तर २०२१ मध्ये डिजिटल चाव्याच हरवल्यामुळे कायमची अडकली. ही बातमी ग्राहकांना वर्षभर कंपनीकडून कळली नाही.

समजा, ग्राहकांचं देणं १०० इथर आहे. कंपनीकडे १५ हातात, ३० थेट स्टेक केलेले, ३५ च्या पावत्या, २० कर्जाऊ दिलेले. कागदावर १०० ला १००, एक पैशाची तूट नाही. बाजार बिथरला आणि लोक मागायला आले. पहिल्या १५ जणांना प्रत्येकी पूर्ण इथर मिळतं. सोळाव्यासाठी पावत्या विकाव्या लागतात. पण सगळ्यांना एकदम इथर हवं असल्यामुळे पावतीचा भाव ९५ पैशांवर आलाय. ३५ विकल्या तर हाती येतात सव्वातेहतीस. पावणेदोन इथरचं हे नुकसान सोळाव्या माणसाचं होत नाही, त्याला त्याचं पूर्ण मिळतं. ते जातं रांगेत सगळ्यात मागे असलेल्यांच्या गळ्यात. मागच्याला हे कळलं की तोही पुढे घुसतो. त्यात ३० तर कोणत्याच भावाला हलत नाहीत. म्हणजे जिची मत्ता देण्याएवढी आहे अशी कंपनीही अर्धी रक्कम मागितली जाण्याच्या सुमारास दार लावते. सेल्सियसची मत्ता तर देण्यापेक्षा आधीच कमी होती.

मे २०२२ मध्ये टेरा ही क्रिप्टो यंत्रणा आणि तिचं स्टेबलकॉइन कोसळलं. टेराच्या अँकर नावाच्या योजनेत स्टेबलकॉइनवर साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं. ते गेल्यावर अर्न देणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे लोक संशयाने पाहू लागले, आणि सेल्सियसमधून पैसे बाहेर पडू लागले. जूनच्या सुरुवातीला एसटी-इथचा भाव इथरच्या तुलनेत पाच-सहा टक्के घसरला. कोणत्या पत्त्यावर किती पावत्या आहेत हे ब्लॉकचेनवर कोणालाही दिसतं, त्यामुळे सेल्सियस अडकलीय हे हिशेब मांडू शकणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. बँकेत असताना आम्हाला हा अनुभव नव्हता: तिजोरी काचेची, आणि बाहेर गर्दी.

११ जूनला मशिन्स्की ट्विटरवर विचारत होते की पैसे काढायला अडचण आलेला एक तरी माणूस दाखवा. १२ जूनच्या रात्री कंपनीने पैसे काढणं, नाणी बदलणं आणि खात्यांतले व्यवहार थांबवले. गंमत म्हणजे त्याच निवेदनात सांगितलं होतं की या काळातही व्याज जमा होत राहील. पडद्यावरचा आकडा वाढवायला पैसे लागत नाहीत, ते लागतात माणूस मागायला आला की.

दार लावल्यावर आत काय झालं, ते फार कमी लोक सांगतात. ग्राहकांना थांबवलं, पण कंपनीने स्वतः घेतलेली कर्जं थांबत नव्हती. मेकर, आवे आणि कंपाउंड या ब्लॉकचेनवर चालणाऱ्या कर्जयंत्रणांकडे तिने बिटकॉइन आणि एसटी-इथ तारण ठेवून डॉलर-नाणी उचलली होती. तिथे वसुली अधिकारी नसतो, विनंती चालत नाही. भाव ठरावीक पातळीखाली गेला की तारण आपोआप विकलं जातं. म्हणून दार बंद केल्यानंतर सेल्सियसने सगळ्यात आधी ही कर्जं फेडली. मेकरचा शेवटचा हप्ता ७ जुलैला भरला आणि सुमारे २२ हजार बिटकॉइनचं तारण मोकळं करून घेतलं. कारभाराच्या दृष्टीने हे बरोबरच होतं, नाहीतर तारणही गेलं असतं. पण यातून धनकोंचा खरा क्रम दिसतो. ज्याच्याकडे तारण होतं तो पहिला, आणि तुम्ही शेवटचे. सेल्सियसला कर्ज दिलेल्या टेथर या स्टेबलकॉइन कंपनीनेही त्याआधी आपल्याकडचं तारण विकून कर्ज वसूल करून घेतलं होतं.

१३ जुलैला न्यूयॉर्कच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज गेला. मत्ता ४.३ अब्ज डॉलर, देणी ५.५ अब्ज, तूट १.१९ अब्ज. त्या ४.३ मध्येही कंपनीचं स्वतःचं सेल टोकन धरलेलं होतं, म्हणजे खरा खड्डा आणखी मोठा.

मग आला तुमच्या अटी-शर्तींचा कागद, जो आपण सगळे न वाचता ‘मान्य’ करतो. नाणी माझी आहेत, मला परत द्या, असं ग्राहक म्हणत होते. न्यायाधीश मार्टिन ग्लेन यांनी ४ जानेवारी २०२३ ला निकाल दिला की अर्न खात्यात टाकलेल्या नाण्यांची मालकी अटींप्रमाणे कंपनीकडे गेली. सुमारे ६ लाख खाती आणि ४.२ अब्ज डॉलरची नाणी एका वाक्याने दिवाळखोराच्या मत्तेत जमा झाली. त्याच कंपनीच्या कस्टडी खात्यात, म्हणजे बिनव्याजी सांभाळायला ठेवलेल्यांची बाजू बरीच वरचढ ठरली, आणि त्यांना बहुतांश परत मिळालं. एकच अ‍ॅप, दोन टॅब, आणि कायद्यात जमीन-अस्मानाचा फरक.

वसुलीचा आकडाही नीट वाचावा लागतो. तुमचा दावा अर्जाच्या दिवशीच्या डॉलर भावाने गोठला: बिटकॉइन १९,८८१ डॉलर, इथर १,०८८. वाटप सुरू झालं जानेवारी २०२४ च्या अखेरीस. नाण्यांच्या रूपात दाव्याच्या साधारण ५८ टक्के मिळाले आणि शिवाय आयॉनिक डिजिटल या नव्या मायनिंग कंपनीचे शेअर. ५८ टक्के ऐकायला बरं वाटतं. पण एका बिटकॉइनचा दावा १९,८८१, त्याचे ५८ टक्के म्हणजे सुमारे साडेअकरा हजार डॉलर, आणि ते नाण्यांत बदलले ४२,९७३ च्या भावाने. हाती येतं ०.२७ बिटकॉइनच्या मोलाचं. पुढे आणखी हप्ते आले, तरी चित्र फार बदललं नाही. जेमिनी या दुसऱ्या कंपनीच्या अर्न खात्याच्या ग्राहकांना मात्र २०२४ मध्ये नाण्यांत पूर्ण परत मिळालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये जेमिनीचं दार लागलं तेव्हा दोन्हीकडच्या ग्राहकांचं दुःख सारखंच दिसत होतं. आणखी एक: अर्जाआधीच्या ९० दिवसांत एक लाख डॉलरपेक्षा जास्त काढून घेतलेल्यांकडे परतीची मागणी गेली. वेळेत पळालो म्हणणारेही पूर्ण सुटले नाहीत.

मशिन्स्कींनी डिसेंबर २०२४ मध्ये फसवणूक आणि सेलचा भाव फुगवल्याचा गुन्हा कबूल केला. मे २०२५ मध्ये त्यांना १२ वर्षांची शिक्षा झाली.

सगळ्याच कंपन्या अशा बुडाल्या असं नाही. व्हॉयेजर या अशाच दुसऱ्या कंपनीच्या बुडण्याचं मूळ एकाच कर्जात होतं: थ्री अ‍ॅरोज नावाच्या एका फंडाला १५,२५० बिटकॉइन आणि ३५ कोटी डॉलर-नाणी. तो फंड गेला आणि कंपनीही गेली. भारतीयांचे पैसे ज्यात खूप होते ती सिंगापूरची वॉल्ड. १२ जूनला सेल्सियसने दार लावलं, तेव्हापासून वॉल्डमधून १९.७७ कोटी डॉलर काढले गेले आणि ४ जुलैला तिनेही व्यवहार थांबवले. तिथे मुंबई-पुण्याच्या माझ्या ओळखीच्या दोघांचे पैसे होते. दोघंही म्हणायचे, ‘अरे, एफडीसारखंच आहे.’ एफडीवर विम्याचं पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं आणि डोक्यावर रिझर्व्ह बँक. पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना २०१९ मध्ये सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते, तेव्हाही दाद मागायला दार होतं. इथे सिंगापूरच्या कोर्टात वकील लावायचा.

आता मित्राच्या ९ टक्क्यांबद्दल. मी दर बघून हो किंवा नाही म्हणणार नाही, तो कोणत्या नाण्यावर आणि कोणत्या दिवसांत आहे ते बघेन. आवेसारख्या खुल्या यंत्रणेत आज त्याच नाण्याचा दर किती आहे, वायद्यातला फरक किती आहे, हे दोन आकडे कोणालाही मोफत दिसतात. ते ४ असताना अ‍ॅप ९ देत असेल, तर मधले ५ कोणाकडून येतात ते अ‍ॅपने सांगावं. बहुधा उत्तर विनातारण कर्ज, स्वतःचं टोकन, किंवा ग्राहक वाढवण्याचा जाहिरात-खर्च यांपैकी एक असतं. बाजारातले आकडे पडल्यावर अ‍ॅपचा दर किती दिवसांत पडतो हेही बघा. महिनोन्‌महिने तसाच राहणारा दर मला वाढत्या दरापेक्षा जास्त घाबरवतो.

मग अटींमध्ये दोन गोष्टी शोधा. एक, नाण्यांची मालकी कोणाकडे जाते आणि ती पुढे तारण ठेवायची किंवा कर्जाऊ द्यायची मुभा आहे का. दोन, परत मागणं ‘तात्पुरतं थांबवण्याचा’ अधिकार कंपनीने कोणत्या कारणांसाठी ठेवलाय. ‘कधीही काढा’ असं मोठ्या अक्षरांत आणि थांबवण्याचं कलम बारीक अक्षरांत असेल, तर बारीक अक्षर खरं धरा. राखीव साठ्याचा पुरावा म्हणून पत्त्यांची यादी दाखवतात, त्यावर समाधान मानू नका. त्यात कंपनीकडे काय आहे ते दिसतं, देणं किती आणि त्या नाण्यांवर आधीच कोणाचं तारण आहे ते दिसत नाही. जून २०२२ मध्ये सेल्सियसच्या पत्त्यांवरही लाखो इथर दिसत होते.

तुमच्या स्वतःच्या दाव्याचं एक राहिलं. पुढच्या हप्त्यांच्या ईमेल खोट्या साइटवरूनही येतात आणि पाकिटाचे गुप्त शब्द मागतात. खरं वाटप करणारा कोणीही ते शब्द मागत नाही. कोर्टाने नेमलेल्या दावे-व्यवस्थापकाच्या साइटवर स्वतः पत्ता टाइप करून जा, ईमेलमधल्या दुव्यावरून नको.